परतताना डॉलर कधी आणि कसे बदलावेत?

प्रश्न: अकरा वर्षं परदेशात नोकरी केली, आता तीन महिन्यांनी कायमचा परत येतोय. साठलेले १,५०,००० डॉलर तिथल्या बँकेत आहेत. घराची उरलेली रक्कम सात महिन्यांनी भरायची आहे, आजच्या दराने ती ६०,००० डॉलर होते. नवी नोकरी लागायला सहाएक महिने जातील. मागच्या वर्षी दर आजच्यापेक्षा बराच चांगला होता, म्हणून थांबावंसं वाटतं. मित्र म्हणतो, दरमहा थोडे थोडे बदल. बँक म्हणते, आमच्याकडून पाठवा, शुल्क शून्य. कोणाचं ऐकू?

उत्तर:

बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर वीसेक वर्षं बसलो. तिथे येणारा जवळजवळ प्रत्येक ग्राहक पहिल्यांदा हेच विचारायचा, "दर कुठे जाईल?" मी उलट विचारायचो, "पैसे कधी लागणार आणि कोणत्या चलनात?" बहुतेकांनी त्याचा हिशोब केलेलाच नसायचा. तो केला की दराचा प्रश्न सगळ्या रकमेला लागत नाही, फक्त तिच्या एका तुकड्याला लागतो.

तुम्ही देश लिहिलेला नाही आणि या हिशोबाला तो लागतही नाही. सोयीसाठी धरू, की आज एक डॉलर म्हणजे तुमच्या मायदेशी चलनाचे १०० एकक. म्हणजे घराचे ६० लाख एकक द्यायचे आहेत.

आता रकमेची फोड करा. पहिला ढीग डॉलरमधल्याच देण्यांचा: शेवटचं घरभाडं, कार्डाचं बिल, विमानभाडं आणि तिथला शेवटचा कर. कराचा हिशोब बऱ्याचदा तुम्ही परत आल्यावर, पुढच्या वर्षी मिटतो. याला १०,००० डॉलर बाजूला ठेवा आणि त्यांना हातच लावू नका. हे पैसे बदलून पुन्हा डॉलर घेणारे लोक मी पाहिले आहेत. दोन्ही वेळा बँकेचा वाटा जातो. दुसरा ढीग घराचे ६० लाख एकक. तिसरा ढीग बस्तान बसवण्याचा आणि नोकरी लागेपर्यंतचा. सामान, अनामत वगैरेंचे ८ लाख आणि सहा महिन्यांचे दीड लाखाप्रमाणे ९ लाख, असे १७ लाख धरतो. तुमचा आकडा तुम्ही घाला. उरेल तो चौथा ढीग, ज्याला अजून काही काम नेमून दिलेलं नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाचं देणं मायदेशी चलनात पक्कं ठरलेलं आहे. ते फेडायचे पैसे डॉलरमध्ये धरून बसणं म्हणजे दरावर पैज लावणं. ती लावल्यासारखं वाटत नाही, कारण आपण काहीच केलेलं नसतं, पैसे नुसते पडून असतात. पण उलट विचार करून बघा. आज तुमचे सगळे पैसे मायदेशी चलनात असते, तर सात महिन्यांवर घराचा हप्ता असताना त्यातले ६० लाख काढून तुम्ही डॉलर घेतले असते का? नाही ना? मग आत्ता तुम्ही नेमकं तेच करताय.

पैज केवढी आहे तेही पाहू. मोकळेपणाने बदलणाऱ्या मोठ्या चलनांचे दर वर्षाला साधारण ८ टक्के हलतात असं धरलं, तर सात महिन्यांना ते सुमारे ६ टक्के होतं. हलणं मुदतीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून अर्ध्याहून थोड्या जास्त वर्षाला पाऊणपट. याचा अर्थ, सात महिन्यांनी दर ९४ ते १०६ च्या मध्ये असण्याची शक्यता साधारण तीनात दोन. तीनातला उरलेला एक वेळ तो त्याच्याही बाहेर. दर ९४ झाला तर त्याच घराला ६३,८३० डॉलर लागतील, १०६ झाला तर ५६,६०० पुरतील. तुमच्याकडे चौथा ढीग मोठा आहे, म्हणून ९४ झाला तरी घर हातचं जाणार नाही. पण ज्याच्याकडे घराचे पैसे देऊन काही उरणारच नाही, त्याने एक दिवसही थांबू नये, कारण त्याला तूट भरायला दुसरी जागा नाही.

"मागच्या वर्षी दर चांगला होता" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं असेन. मागच्या वर्षीच्या दराला तुमची आठवण नसते. १९८३ मध्ये मीज आणि रोगॉफ या दोघा अर्थतज्ज्ञांनी त्या काळची दराची नावाजलेली गणितं तपासली. काही महिने ते वर्षभराच्या अंदाजात ती "आज आहे तोच दर उद्या" या साध्या गृहीतकापुढे टिकली नाहीत. त्यानंतर बरंच संशोधन झालं, पण काही महिन्यांच्या मुदतीत त्या गृहीतकाला सातत्याने हरवणं अजूनही अवघडच आहे. माझ्या टेबलावरच्या हुशार पोरांचेही अंदाज निम्मे वेळा चुकायचे, आणि ती दिवसभर तेच काम करत.

काही देशांत मध्यवर्ती बँक दर एका जागी धरून ठेवते. तिथे आलेख सपाट दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. स्विस मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ दिला नव्हता. १५ जानेवारी २०१५ ला तिने हात काढून घेतला आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. युरोत पगार साठवून त्या आठवड्यात स्वित्झर्लंडला परतणाऱ्याचं काय झालं असेल, विचार करा. आणि तारीख आधीच माहीत असूनही दणका बसू शकतो. जून २०१६ मध्ये ब्रिटनच्या ब्रेक्झिट सार्वमताची तारीख जगाला ठाऊक होती, तरी एका रात्रीत पौंड १.५० डॉलरवरून १.३५ च्या खाली आला. आपल्या मुदतीत निवडणूक, सार्वमत किंवा मध्यवर्ती बँकेचा मोठा निर्णय येत असेल, तर नेहमीचा ६ टक्क्यांचा अंदाज कमी पडतो एवढं समजा.

आता मधला रस्ता. कोणीतरी तुम्हाला फॉरवर्ड करार सुचवेल: सात महिन्यांनंतरचा दर आजच बांधून घ्यायचा. करार चांगला आहे, पण त्याचा दर कुठून येतो ते कळल्याशिवाय घेऊ नका. समजा डॉलरच्या ठेवीवर वर्षाला ४ टक्के मिळतात आणि मायदेशी ठेवीवर ७ टक्के. मग सात महिन्यांचा फॉरवर्ड दर १०० न राहता १०१.७ च्या आसपास दिसेल. पाहून वाटतं, बँकेला डॉलर चढेल असं वाटतंय. तसं काही नसतं. तो केवळ दोन व्याजदरांमधला फरक आहे.

हिशोब मांडून बघा. रस्ता एक: आजच बदला आणि मायदेशी मुदत ठेवीत टाका. सात महिन्यांत ७ टक्क्यांनी सुमारे ४.०८ टक्के व्याज मिळेल, म्हणून ६० लाख व्हायला आज ५७.६५ लाख पुरतात, म्हणजे ५७,६४६ डॉलर. रस्ता दोन: डॉलर तिथेच ४ टक्क्यांनी ठेवा आणि १०१.७१ चा फॉरवर्ड करा. तेव्हा ५८,९९१ डॉलर लागतील, आणि तेवढे व्हायला आज ठेवावे लागतात पुन्हा ५७,६४६ डॉलरच. दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोचतात. फरक पडतो तो खर्चाचा, व्याजावरच्या कराचा आणि कटकटीचा. फॉरवर्डला बऱ्याच ठिकाणी काही टक्के अनामत मागतात, दर उलटा गेला तर आणखी मागतात, आणि घराचा व्यवहार मोडला तर करारही पैसे मोजून मोडावा लागतो. म्हणून ज्याचे पैसे आज हातात आहेत त्याला मी सरळ पहिला रस्ता सांगतो. फॉरवर्ड कामाचा असतो तो पैसे अजून यायचे असतील तेव्हा: तिथलं घर विकायला काढलंय, किंवा बोनस चार महिन्यांनी हातात पडणार आहे आणि इथली देण्याची तारीख पक्की आहे.

एक खबरदारी. मायदेशी ठेवीचं जास्त व्याज हे डॉलर विकायचं कारण नव्हे. ज्या चलनाला जास्त व्याज मिळतं ते घसरूही शकतं. इथे आपण बदलतोय, कारण देणं त्या चलनात आहे. व्याज ही फक्त वाटखर्ची.

आता "शुल्क शून्य". हे शब्द वाचले की मी आधी दर बघतो. बाजारात खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन दर असतात. त्यांच्या बरोबर मधल्याला आपण मधला दर म्हणू. तो कुठल्याही आर्थिक संकेतस्थळावर दिसतो. तुम्हाला मिळणारा दर त्यापेक्षा जेवढा खाली, तेवढं खरं शुल्क. त्याची पावती मिळत नाही, म्हणून ते शून्य वाटतं.

विचारायचा प्रश्न एकच: "आत्ता, या मिनिटाला, माझ्या खात्यातून २०,००० डॉलर गेले तर मायदेशी खात्यात नेमके किती जमा होतील?" तीन वेगळ्या ठिकाणी पाच-दहा मिनिटांच्या आत विचारा, नाहीतर मधला दर हलतो आणि तुलना बिघडते. मधल्या दराने २०,००,००० एकक व्हायला हवेत. तुमच्या बँकेने शुल्क शून्य म्हणून ९७.८ दर दिला, तर येतील १९,५६,०००, म्हणजे २.२ टक्के गेले. पैसे पाठवण्याचाच धंदा करणाऱ्या एखाद्या कंपनीने ३० डॉलर शुल्क आणि ९९.४ दर दिला, तर १९,८५,०१८. म्हणजे पाऊण टक्का. तिसरा रस्ता डॉलर डॉलर म्हणूनच वायरने पाठवायचा आणि मायदेशी बँकेत बदलायचा. पाठवणावळ ४० डॉलर, मधल्या एखाद्या बँकेने वाटेत २५ कापले आणि मायदेशी बँकेने ९९.२ दर दिला, तर १९,७७,५५२, म्हणजे १.१ टक्का. हे आकडे नमुन्याचे आहेत, पण चढउताराचा क्रम मी पुष्कळदा असाच पाहिला आहे. १,४०,००० डॉलरवर २.२ टक्के आणि पाऊण टक्का यांतलं अंतर २,००० डॉलरच्या वर जातं. त्यासाठी दराची वाट बघावी लागत नाही, तीन फोन करावे लागतात.

तिसऱ्या रस्त्याचा दर बोलून वाढवता येतो. मोठी रक्कम असेल तर शाखेतल्या काउंटरवरचा छापील दर मुकाट्याने घेऊ नका. बँकेच्या परकीय चलन विभागाकडून त्या दिवसाचा खास दर मागा आणि दुसऱ्या ठिकाणचा आकडा समोर ठेवा. मी टेबलाच्या पलीकडे बसलेला होतो म्हणून सांगतो, मागणाऱ्याला अर्धा टक्का सहज सोडायचो. न मागणाऱ्याला कशाला सोडू?

वायर भरताना दोन रकाने नीट बघा. एक, पाठवायचं चलन. तिथे मायदेशी चलन निवडलं तर पाठवणारी बँकच तिच्या दराने बदलून पाठवते आणि तुम्ही इथे ठरवलेल्या खास दराला काही अर्थ उरत नाही. मी स्वतः परदेशातली नेमणूक संपवून परतताना नेमका हाच रकाना चुकलो होतो, तोही या धंद्यात असून. तिथल्या बँकेने पावणेतीन टक्के खाल्ले आणि नियमाप्रमाणे त्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. दुसरा रकाना खर्च कोणी सोसायचा त्याचा: OUR म्हणजे सगळा पाठवणाऱ्याने, SHA म्हणजे वाटून, BEN म्हणजे घेणाऱ्याने. घराची ठरावीक रक्कम थेट विकणाऱ्याच्या खात्यात जाणार असेल तर OUR निवडा, नाहीतर वीस-पंचवीस डॉलर कमी पोचतात आणि कागदावर हप्ता अपुरा दिसतो. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, म्हणून त्या दिवशी दर देणारे आपली सुरक्षा म्हणून जास्त वाटा धरतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी, कामाच्या वेळेत बदला.

मित्राच्या सल्ल्याकडे येतो. खर्च मुख्यतः टक्क्यांत असल्यामुळे तुकडे केल्याने तो फारसा वाढत नाही. एका ऐवजी चार वेळा पाठवलं तर तीन जादा शुल्कं, म्हणजे आपल्या उदाहरणात ९० डॉलर. पण तुकडे केल्याने सरासरी दर सुधारतो असं समजू नका. तो तेवढाच चांगला किंवा वाईट निघू शकतो. तुकड्यांचा खरा उपयोग पश्चात्ताप वाटून घेण्याचा. सगळं एका दिवशी बदललं आणि आठवड्याने दर ४ टक्के चढला, तर माणूस वर्षभर झोपत नाही. म्हणून ज्या रकमेला तारीख नाही तिला मित्राचा सल्ला चालेल. घराच्या रकमेला नाही, कारण शेवटचे तुकडे नेमके देण्याच्या तोंडावर येतात आणि तोपर्यंत ती पैज चालूच राहते.

तर तुमच्या बाबतीत मी असं करेन. येत्या आठवड्यात २०० डॉलर पाठवून बघायचे. हे नुसतं पैसे पोचतात का ते बघायला नाही. खात्यावरच्या नावाची स्पेलिंग दोन्हीकडे जुळते का, रोजची मर्यादा किती आहे, पैसे कुठल्या कामाचे म्हणून नोंदले जातात, हे सगळं त्यात कळतं. मोठी रक्कम निघाली की कोणती ना कोणती बँक ती अडवून पैशाचा उगम विचारतेच. पगाराच्या चिठ्ठ्या, कराची विवरणं आणि सहा महिन्यांचे खातेउतारे एका फाइलमध्ये तयार असतील तर दोन दिवसांत सुटते. नसतील तर आठवडे जातात.

मग पुढच्या तीन-चार आठवड्यांत घराची रक्कम, साधारण तीन तुकड्यांत. खर्च आणि व्याजावरचा कर धरून ५९,००० डॉलर लागतील असं माझं गणित आहे. तुकडे दरासाठी नाहीत. एखादा हस्तांतरात अडकला तर सगळे पैसे अडकू नयेत यासाठी. त्यानंतर, विमानात बसायच्या आधीच, तिसऱ्या ढिगाचे १७,१०० डॉलर. परत आल्यावर बदलू असं म्हणू नका. तिथला फोन नंबर बंद झाला की बँकेचा ओटीपी येत नाही, आणि काही बँका तिथले रहिवासी नसलेल्यांची खाती बंद करतात किंवा त्यांचे व्यवहार मर्यादित करतात. निघण्यापूर्वी बँकेत जाऊन विचारा, की माझा पत्ता बदलल्यावर हे खातं चालू राहील का आणि ओटीपीला परदेशी नंबर चालेल का. शक्य असेल तर उत्तर लेखी घ्या.

पहिल्या ढिगाचे १०,००० वगळल्यावर आता सुमारे ६४,००० डॉलर उरतात. इथे मात्र घाई नाही. यातले २०,००० मी वर्षभर डॉलरमध्येच ठेवेन. नोकरी लागली नाही आणि पुन्हा बाहेर जावं लागलं, किंवा करवाल्यांनी तिथे आणखी काही काढलं, तर ते पैसे त्याच चलनात हवेत. अर्थात परतल्यावर परदेशात खातं ठेवू देण्याबाबत तुमच्या देशाचे नियम काय आहेत ते आधी पाहा. काही देशांत रहिवाशाला मायदेशी बँकेतच परकीय चलनाचं खातं उघडता येतं, ते सोयीचं पडतं. उरलेले ४४,००० दर तीन महिन्यांनी ११,००० या हिशोबाने बदलायचे, आणि चारही तारखा आजच कागदावर लिहून ठेवायच्या. दर चढत असताना "अजून थोडं थांबू" आणि उतरत असताना "वर येऊ दे" असं दोन्ही बाजूंनी मन सांगतं, आणि दोन्ही वेळा व्यवहार राहतोच. तारीख लिहिलेली असली की वाद घालायला मन उरत नाही.

घराच्या ठेवीबद्दल एक राहिलं. तिची मुदत हप्त्याच्या तारखेआधी दहा-पंधरा दिवस संपेल अशी ठेवा. आणि सगळी एकाच पावतीत न ठेवता तीन पावत्यांत ठेवा. ताब्याची तारीख मागेपुढे होतेच. विकणाऱ्याने दहा टक्के आधी मागितले तर एकच पावती मोडावी लागते आणि व्याजाचा दंड तेवढ्याच रकमेवर बसतो.